तुझे पत्ते मला दिसतात

मेल रात्री पावणेबाराला आला होता आणि खाली सही दोघांची होती, माझ्या मैत्रिणीची आणि तिच्या नवऱ्याची. लग्नाला नऊ वर्षं झालेलं हे जोडपं. मुलगी साडेनऊला झोपते, मग अकरापर्यंतचा दीड तास दोघांचा. तो बरेच महिने दोघांनी आपापल्या फोनमध्ये घालवला आणि एक दिवस ठरवलं की आता रोज काहीतरी खेळायचं. आधी कॅरम काढला. राणी कव्हर झाली की नाही यावरून तिसऱ्या दिवशी बोर्ड भिंतीला लागला. मग पत्ते आले. दोघांत खेळायचं म्हणून सात-आठ सुरू झालं आणि आठवड्याभरात तेही थांबलं. मेलचा शेवट असा होता : "आम्हाला एकमेकांना हरवायचं नाहीये गं, पण खेळायचंय. असे खेळ असतात का? असले तर नावं पाठव."

सात-आठ दोघांत का चिघळतं ते मला लगेच कळलं. ज्यांनी लहानपणी सुट्टीत हा डाव खेळलाय त्यांना आठवेल. प्रत्येकाला पंधरा पत्ते, एकाने आठ हात करायचे, दुसऱ्याने सात. ज्याचे हात कमी पडतील त्याच्याकडून पुढच्या डावाच्या सुरुवातीला दुसरा तितके पत्ते न बघता ओढतो आणि आपले नको असलेले परत देतो. म्हणजे आज हरलात तर उद्याचा डाव सुरू होण्याआधीच तुमचा हुकमाचा एक्का समोरच्याच्या हातात. हरण्यावर व्याज लागतं. चार-पाच भावंडांत हे चालून जातं, कारण कर्ज फिरत राहतं. दोनच माणसं असली की ते एकाच्याच डोक्यावर चढत जातं, आणि ज्याच्याकडून रोज ओढलं जातंय तो एक दिवस पत्ते खाली टाकतो.

असे खेळ असतात. त्यांना सहकारी खेळ म्हणतात. सगळे खेळाडू एका बाजूला आणि समोर खुद्द खेळ. जिंकले तर सगळे जिंकतात, हरले तर सगळे हरतात. त्यांतल्या सर्वांत गाजलेल्या खेळाचा जन्म माझ्या मैत्रिणीच्या मेलसारख्याच अडचणीतून झालाय. अमेरिकेतल्या मॅट लीकॉक यांच्या लक्षात आलं की स्पर्धेच्या खेळांमुळे बायकोबरोबरच्या संध्याकाळी ताणाच्या होतात. म्हणून २००४ मध्ये त्यांनी दोघांना एका बाजूने खेळता येईल असा खेळ रचायला घेतला. तो २००८ मध्ये 'पॅनडेमिक' या नावाने बाजारात आला. त्यातल्या पत्त्यांची कल्पना त्यांनी रमीवरून घेतली होती, हे आपल्याकडच्या रमी खेळणाऱ्यांना पहिल्या डावातच जाणवतं.

पटावर जगाचा नकाशा असतो, ४८ शहरं असतात आणि त्यांत मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईही असतात. चार रोग चार रंगांच्या छोट्या ठोकळ्यांनी पसरत जातात. आपण वैद्यकीय पथकातले, प्रत्येकाला वेगळं काम. दर पाळीला चार कृती करता येतात: या शहरातून त्या शहरात जायचं, ठोकळा उचलायचा, पत्ता द्यायचा. एका रंगाचे पाच पत्ते जमवून संशोधन केंद्रात पोहोचलात की त्या रोगावर औषध सापडतं. चारही औषधं सापडली की जिंकलो. हरायला मात्र तीन वाटा : रोगाचे आठ उद्रेक होणं, एखाद्या रंगाचे ठोकळे संपणं किंवा आपल्या पत्त्यांची गड्डी संपणं.

माझ्याकडचा हा डबा मी त्यांना नेऊन दिला आणि माझं काम झालं असं समजले. तीन आठवड्यांनी दुसरा मेल आला. या वेळी सही फक्त तिची होती. "खेळ छान आहे. तीनदा जिंकलो. पण मी नुसती सोंगटी हलवते. तो म्हणतो, तू इथून कराचीला जा, दोन ठोकळे उचल, मग मला हा पत्ता दे. मी वेगळं काही सुचवलं की तो समजावून सांगतो की ते का चुकीचं आहे, आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबरच असतं. काल मी म्हटलं, तूच खेळ दोघांचं. तर त्याला राग आला की मी मनापासून खेळत नाही."

सहकारी खेळ खेळणाऱ्यांना ही तक्रार चांगली ओळखीची आहे. त्याला 'अल्फा प्लेअर'चा त्रास म्हणतात. एकजण सेनापती होतो आणि बाकीचे शिपाई. तिच्या नवऱ्याचा स्वभाव हुकमी आहे असं मला वाटत नाही. त्याचं रोजचं काम कारखान्यातल्या नियोजनाचं आहे. समोर नकाशा मांडला की त्याला पुढच्या सहा चाली दिसतात आणि दिसलेलं बोलून दाखवणं त्याला मदतच वाटते. खरा दोष खेळाच्या रचनेत आहे. पॅनडेमिकमध्ये जे आहे ते सगळं टेबलावर उघडं असतं. दोघांना एकमेकांचे पत्ते ठाऊक असतात, विचाराला वेळेचं बंधन नसतं. असा खेळ एका डोक्यात मावतो. दुसऱ्या डोक्याची नियमांना गरजच नसते, मग ते शिष्टाचारापुरतं उरतं. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं दोघांनी मिळून सोडवताना पेन एकाच्याच हातात राहतं, तसंच हे.

त्या मेलमुळे माझा प्रश्न बदलला. स्पर्धा नसलेला खेळ शोधणं पुरेसं नव्हतं. स्पर्धा काढून टाकली की 'कोण जिंकलं' हा वाद मिटतो आणि त्याच खुर्चीत 'कोण ठरवणार' हा वाद येऊन बसतो. त्यांना असा खेळ हवा होता की ज्यात एकाची इच्छा असली तरी त्याला दुसऱ्याची पाळी खेळताच येणार नाही.

त्यासाठी माझ्या मते आजही 'हानाबी'ला तोड नाही. फ्रान्सच्या आंत्वान बोझा यांनी रचलेला हा खेळ २०१० मध्ये आला आणि २०१३ मध्ये त्याला जर्मनीचा 'श्पील देस यारेस', म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. जपानीत हाना म्हणजे फूल आणि बी म्हणजे आग; हानाबी म्हणजे शोभेची दारू. पाच रंगांच्या पत्त्यांच्या पाच ओळी टेबलावर एक ते पाच अशा चढत्या क्रमाने लावायच्या, एवढंच काम. खुबी अशी की पत्ते उलटे धरायचे. पाठ माझ्याकडे, तोंड तुझ्याकडे. माझे पत्ते तुला दिसतात, मला दिसत नाहीत. तुझे मला दिसतात, तुला दिसत नाहीत.

या एका गोष्टीने सेनापतीची सोय संपते. त्याला स्वतःच्याच हातात काय आहे ते माहीत नसतं. कितीही हुशार असला तरी त्याला तिच्या सांगण्यावर चालावं लागतं, आणि ती किती सांगू शकते यावर खेळाने बंधन घातलेलं असतं.

मैत्रिणीला मी डबा विकत घ्यायला सांगितलं नाही, कारण रमीसाठी घरात असलेल्या दोन कॅटांतून हा खेळ बनतो. मूळ खेळात पाच रंग आहेत, आपण चार करायचे: इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. मूळ खेळात प्रत्येक रंगाचे दहा पत्ते असतात, एक्के तीन, दुर्री, तिर्री आणि चव्वी दोन-दोन, आणि पंजी एकच. दोन कॅटांत एका रंगाचे एक्के दोनच सापडतात, म्हणून प्रत्येक रंगाचा एक राजा घ्यायचा आणि त्याला तिसरा एक्का मानायचं. पंजीची दुसरी प्रत बाजूला काढून ठेवायची. झाले चाळीस पत्ते. दोन्ही कॅटांची पाठ मात्र हुबेहूब सारखी हवी. या खेळात तुम्हाला आपल्या पत्त्यांची पाठच तेवढी दिसते. एका कॅटाची पाठ निळी आणि दुसऱ्याची लाल असेल आणि साऱ्या पंज्या निळ्यातून आल्या असतील, तर लाल पाठीचा पत्ता पंजी नाही हे कुणी न सांगता कळेल. शिवाय वाटीत आठ चिंचोके आणि काड्यापेटीतल्या तीन काड्या.

प्रत्येकाला पाच पत्ते वाटायचे, बाकीची गड्डी मध्ये. आपल्या पाळीला तीनपैकी एकच गोष्ट करता येते. एक चिंचोका वाटीतून बाहेर काढून समोरच्याला खूण द्यायची. किंवा आपला एक पत्ता टाकून द्यायचा, म्हणजे एक चिंचोका वाटीत परत येतो. किंवा एक पत्ता ओळीत लावायचा. बसला तर उत्तम; नाही बसला तर तो पत्ता वाया जातो आणि एक काडी जाते. पत्ता लावला किंवा टाकला की गड्डीतून नवा घ्यायचा. पंजी लावून एखादी ओळ पुरी झाली की बक्षीस म्हणून एक चिंचोका परत. वाटी आठांनी भरलेली असताना पत्ता टाकता येत नाही. तीनही काड्या गेल्या की खेळ तिथेच संपतो. गड्डी संपली तर प्रत्येकाला एक शेवटची पाळी मिळते आणि लागलेले पत्ते मोजायचे. चार ओळी पुऱ्या झाल्या तर वीस.

खूण कशी द्यायची यात सगळा जीव आहे. समोरच्याच्या हातातला एक रंग किंवा एक आकडा निवडायचा आणि त्या जातीचे सगळे पत्ते बोटाने दाखवायचे. "हा आणि हा एक्का." "हा इस्पिक." बस्स. 'हा आत्ता लाव', 'हा जपून ठेव' असं बोलायचं नाही. दोन एक्के असताना एकच दाखवणंही चालत नाही. जे दाखवले नाहीत ते एक्के नाहीत, ही माहिती फुकट मिळते आणि नवखे लोक हमखास ती विसरतात.

पुढच्या रविवारी दोघं माझ्याकडे जेवायला आले आणि जेवणानंतर आम्ही चाळीस पत्ते वेगळे काढले. मी खेळले नाही, त्यांच्या बाजूला बसून बघत होते. दुसऱ्या डावाची सुरुवात मला पत्त्यानिशी आठवते आणि हा खेळ काय करतो ते तिच्यातून जितकं कळतं तितकं नियम सांगून कळत नाही.

त्याच्या हातात होते बदामची तिर्री, इस्पिकचा एक्का, किलवरची चव्वी, चौकटचा एक्का आणि अगदी उजवीकडे बदामची पंजी. ते तिला दिसत होते. तिच्या हातात होते बदामची चव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची दुर्री, चौकटची चव्वी आणि उजवीकडे किलवरची तिर्री. ते त्याला दिसत होते. त्यांनी आधीच ठरवलं होतं की नवा पत्ता नेहमी डावीकडे घालायचा आणि टाकायची वेळ आली, काहीच माहीत नसलं, तर सर्वांत उजवीकडचा म्हणजे सर्वांत जुना पत्ता टाकायचा.

पहिली पाळी तिची. तिने त्याचे दोन पत्ते दाखवले, "हे दोन एक्के." सात चिंचोके उरले. टेबलावर एकही ओळ सुरू झालेली नसताना एक्क्यांची खूण सर्वांत स्वस्त पडते, कारण कुठलाही एक्का बसतोच, रंग माहीत असायची गरज नाही. त्याने त्यातला एक लावला. तो इस्पिकचा निघाला. गड्डीतून त्याला चौकटची तिर्री आली, ती डावीकडे गेली.

आता पुन्हा ती. तिला दिसत होतं की त्याच्या उजव्या टोकाला बदामची पंजी आहे, आणि ठरल्याप्रमाणे तो काही टाकेल तर तोच पत्ता टाकेल. पंजी प्रत्येक रंगाची एकच. ती गेली की बदामची ओळ कधीच पुरी होणार नाही. तिने एक चिंचोका खर्चून सांगितलं, "ही पंजी." आत्ता काहीच लागलं नाही, फक्त एक नुकसान टळलं. सहा चिंचोके. तिचा नवरा क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. पॅनडेमिकच्या पटावर ही खबरदारी त्याने घेतली असती आणि तिला समजावून सांगितली असती. इथे त्याला स्वतःची पंजी दिसतच नव्हती.

मग त्याची पाळी आली आणि गोंधळ झाला. तिच्या हातात इस्पिकची दुर्री होती, टेबलावर इस्पिकचा एक्का होता. पत्ता तयार होता. तो म्हणाला, "या दोन दुर्र्या." पाच चिंचोके. त्याच्या मनात होतं की दोन पत्त्यांची माहिती एका चिंचोक्यात दिली, म्हणजे काटकसर झाली. पण तिच्या बाजूने बघा. तिला कळलं की आपल्याकडे दोन दुर्र्या आहेत, टेबलावर इस्पिकचा एक्काच आहे, म्हणजे दोघींतली एक बहुधा इस्पिकची. कुठली ते कळायला मार्ग नाही. तिने त्यातली एक उचलली आणि लावली. चौकटची निघाली. काडी गेली, पत्ता गेला.

त्यानंतर त्याने आपला दुसरा एक्का लावला. चौकटचा! तो एक्का एक पाळी आधी खाली आला असता तर तीच दुर्री त्याच्यावर बसली असती.

दोघं गप्प झाले. मला वाटलं, आता सुरू होणार. तिने विचारलं, "तुला माझ्या दोन्ही दुर्र्या दिसत होत्या. मग नुसतं 'इस्पिक' का नाही म्हणालास?" तिच्याकडे इस्पिकचा पत्ता एकच होता. 'हा इस्पिक' एवढं म्हटलं असतं तर एकाच पत्त्याकडे बोट गेलं असतं, आणि इस्पिकचा एक्का टेबलावर असताना आत्ताच हे का सांगितलं याचा अर्थ तिने बरोबर लावला असता. तो विचार करून म्हणाला, "मला दोन पत्ते सांगायचे होते. तुला एकच हवा होता." मग त्याने विचारलं, "पण तुला तर माझा चौकटचा एक्का दिसत होता. तू एक पाळी थांबली का नाहीस?" यावर तीही विचारात पडली. थांबता आलं असतं. किलवरची तिर्री टाकून एक चिंचोका परत मिळवता आला असता, आणि तोवर त्याचा एक्का खाली आला असता.

मी हे संभाषण इतकं सविस्तर सांगते आहे, कारण कॅरमच्या बोर्डवर ते झालं नसतं आणि पॅनडेमिकवर होऊच शकलं नसतं. चूक दोघांच्या मधोमध पडली होती. जे त्याला माहीत होतं ते तिला नव्हतं आणि तिला दिसत होतं ते त्याला दिसत नव्हतं. कुणाचं चुकलं हे ठरवायला आधी दुसऱ्याला त्या क्षणी काय काय ठाऊक होतं ते मांडावं लागतं, आणि ते मांडेपर्यंत आवाज खाली येतो. त्या डावात त्यांनी अकरा पत्ते लावले. चौकटची दुसरी दुर्री गड्डीच्या तळाशी निघाली, त्यामुळे ती ओळ एक्क्यावरच अडकून राहिली.

हानाबीतही भांडण होऊ शकतं, आणि बहुतेक वेळा ठरावीक जागी होतं. पहिली जागा आठवणीची. "तो बदाम आहे हे मी मगाशी सांगितलं होतं ना!" ज्याची स्मरणशक्ती तल्लख आहे तो इथे शिक्षक होतो. यावर उपाय सोपा आहे: खूण मिळालेला पत्ता हातात थोडा वर सरकवून धरायचा, आकड्याची खूण असेल तर सरळ आणि रंगाची असेल तर तिरका. काही कडक खेळाडूंना हे आवडत नाही, त्यांच्या मते लक्षात ठेवणं हाही खेळाचाच भाग आहे. दिवसभराच्या कामानंतर रात्री दहाला बसणाऱ्या जोडप्यांनी माझ्या मते हे खुशाल करावं.

दुसरी जागा चेहऱ्याची. ती चुकीच्या पत्त्याला हात घालते आणि तो श्वास रोखतो, भुवया वर जातात, "हं…" असा आवाज निघतो. ती हात मागे घेते. आता तो पुन्हा सेनापती झाला, फक्त बोलण्याऐवजी भुवयांनी. हे कळायची खूण म्हणजे पत्ता उचलण्याआधी माणूस आपल्या पत्त्यांकडे न बघता जोडीदाराच्या तोंडाकडे बघू लागतो. हे दिसलं की थांबून नियम पक्का करायचा: पाळी दुसऱ्याची असेल तेव्हा नजर टेबलावर. माझ्या घरी आम्ही पत्ता लावला जाईपर्यंत वाटीतले चिंचोके मोजत बसतो.

तिसरी जागा डाव संपल्यानंतरची. चर्चा हवीच, पण प्रश्न कुठला यावर ती कुठे जाते ते ठरतं. "तू असं का केलंस?" याचं उत्तर देताना माणूस बचाव करतो. "मी 'दुर्री' म्हटल्यावर तुला काय वाटलं?" याला माहिती मिळते, आणि पुढच्या डावासाठी दोघांत एक संकेत तयार होतो. त्या रविवारी तिसऱ्या डावाआधी त्यांनी एक ठरवलं : जेवढे कमी पत्ते दाखवले जातील तेवढी ती खूण 'आत्ता लाव' या अर्थाची. असे संकेत आधी ठरवायला नियमांची आडकाठी नाही. जोडपी महिनोन्महिने खेळतात तेव्हा त्यांची स्वतःची एक भाषाच बनत जाते, आणि दुसऱ्या जोडप्याबरोबर बसलं की ती भाषा चालत नाही.

एक मर्यादा मात्र आहे. हा खेळ लक्ष मागतो. अर्ध्या तासाचा डाव असला तरी दोघांपैकी एकजण पेंगुळला असेल तर दुसऱ्याची चिडचिड ठरलेली. अशा रात्रींसाठी मी त्यांना आणखी दोन गोष्टी लिहून पाठवल्या.

एक म्हणजे 'द माइंड', वोल्फगांग वार्श यांचा २०१८ मधला खेळ. कागदाच्या शंभर चिठ्ठ्या करून त्यांवर एक ते शंभर लिहिले की तयार. पहिल्या फेरीत प्रत्येकाला एक चिठ्ठी, दुसरीत दोन, असं वाढत जातं. दोघांसाठी मूळ खेळात अशा बारा फेऱ्या आहेत आणि सुरुवातीला दोन जीव. पाळी नसते. दोघांनी मिळून सगळ्या चिठ्ठ्या चढत्या क्रमाने खाली ठेवायच्या, पण एक शब्दही न बोलता आणि खाणाखुणा न करता. समजा तिच्याकडे ३७ आहे आणि त्याच्याकडे ४१. किती थांबायचं? तो लवकर ठेवून मोकळा झाला तर ३७ मागे राहिली आणि एक जीव गेला. मनात एक-दोन-तीन मोजायचं नाही एवढं आधी ठरवावं, नाहीतर त्याचं घड्याळ होतं. इथे बोलणंच बंद असल्यामुळे सांगणारा उरत नाही.

दुसरी गोष्ट त्यांच्याच भिंतीला टेकून उभी होती. कॅरम. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि राणी, सगळ्या दोघांच्या. एक स्ट्रोक तिने मारायचा, एक त्याने. सोंगटी गेली तरी पाळी बदलायची. बोर्ड रिकामा व्हायला एकूण किती स्ट्रोक लागले ते लिहून ठेवायचं, स्ट्रायकर गेला तर दोन वाढवायचे. हा छापील खेळ नव्हे, आमच्या घरचा आहे. यात लपवलेलं काहीच नसतं, तरी सेनापती तयार होत नाही, कारण सल्ला कितीही दिला तरी स्ट्राइकर शेवटी तिच्याच बोटाने सुटतो. आणि आपली सोंगटी घालतानाच दुसरी एखादी त्याच्या हाताला सोपी अशी पॉकेटजवळ नेऊन ठेवायची सवय लागते. स्पर्धेच्या कॅरममध्ये हेच कुणी केलं तर वेडा म्हणतील. आमचा आकडा बरेच दिवस पन्नाशीच्या आसपास अडलेला आहे.

गेल्या आठवड्यात तिसरा मेल आला, पुन्हा दोघांच्या सहीचा. त्यांचा हानाबीचा सर्वांत चांगला डाव सतरावर गेलाय. प्रश्न एकच होता. तिच्या हातात एकही बदाम नसेल तर त्याला 'तुझ्याकडे बदाम नाही' अशी खूण देता येते का? त्याचं म्हणणं देता येते, तिचं म्हणणं नाही, आणि दोघांनी माझ्या उत्तरावर सोडलं होतं. मी लिहिलं की आमच्याकडे आम्ही ती चालवत नाही, निदान एका पत्त्याला तरी बोट लागलं पाहिजे. पण चालवायची असेल तर डाव सुरू व्हायच्या आधी ठरवा, पत्ते वाटून झाल्यावर नको.